ट्रिपॅन ब्लू रंजक-वर्जन पद्धती : जिवंत पेशींच्या टक्केवारीची गणना आणि तिचा अर्थ

सारांश

पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत पेशी जिवंत आहेत की मृत, हे ठरविण्यासाठी ट्रिपॅन ब्लू या रंजकाचा वापर केला जातो. ही पद्धती अल्पखर्चिक असून काही मिनिटांत पूर्ण होते. म्हणूनच पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत आणि संशोधन प्रकल्पांत तिला स्थान मिळाले आहे. तथापि तिच्यातून मिळणाऱ्या टक्केवारीचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील तत्त्व, प्रत्यक्ष कृती व गणना यांचे विवेचन द्रवनायट्रोजनमधून काढलेल्या हीला पेशींच्या उदाहरणाद्वारे केले आहे. जिवंत पेशींची टक्केवारी आणि जिवंत पेशींची एकूण संख्या ही दोन स्वतंत्र मापने असून त्यांचा विचार एकत्रितपणे करणे आवश्यक आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : ट्रिपॅन ब्लू, पेशीपटल, जीवनक्षमता, हीमोसायटोमीटर, विरलन-गुणक.

१. प्रस्तावना

ट्रिपॅन ब्लू हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झालेले कृत्रिम रंजक आहे. ट्रिपॅनोसोम या परजीवींमुळे होणाऱ्या रोगांवर औषध शोधण्याचे प्रयत्न त्या काळात युरोपातील प्रयोगशाळांमध्ये सुरू होते. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी कियोशी शिगा यांनी १९०४ मध्ये ट्रिपॅन रेड या रंजकाचा परजीवींवरील परिणाम प्रसिद्ध केला. त्याच रसायनकुळातील निळे रंजक ट्रिपॅन ब्लू या नावाने ओळखले जाऊ लागले. नावातील ‘ट्रिपॅन’ हा अंश या परजीवींची आठवण देतो. औषध म्हणून त्याचे स्थान पुढे मागे पडले. पेशींची तपासणी करणारे रंजक म्हणून मात्र ते टिकून राहिले.

पेशीसंवर्धनात अशा तपासणीची गरज पदोपदी भासते. गोठवलेल्या पेशी पुन्हा वापरात आणताना, एका पात्रातून दुसऱ्या पात्रात पेशींचे रोपण करताना, किंवा एखाद्या वनस्पती-अर्काचा पेशींवरील विषारी परिणाम पाहताना, ‘यांपैकी किती पेशी जिवंत आहेत’ हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. त्याचे उत्तर बहुधा ‘८० टक्के’ अशा एका आकड्याने दिले जाते. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार पुढे केला आहे.

२. पद्धतीमागील तत्त्व

ट्रिपॅन ब्लूचा रेणू आकाराने मोठा असून त्याचे रेणुवस्तुमान सुमारे ९६० आहे. त्यावर चार सल्फोनेट गट असतात आणि पाण्यातील द्रावणात या गटांमुळे रेणूवर ऋण विद्युतभार राहतो. पेशीपटलाचा गाभा स्निग्ध पदार्थांचा असतो. असा मोठा, विद्युतभारित व पाण्यात रमणारा रेणू अखंड पेशीपटलातून सहजासहजी आत शिरू शकत नाही. त्यामुळे जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली रंगहीन, गोलाकार व चकाकत्या कडेच्या दिसतात. ज्या पेशीचे पटल फाटले आहे तिच्यात रंजक शिरते, आतील प्रथिनांना चिकटते आणि पेशी निळी दिसू लागते. अशा पेशी पुष्कळदा किंचित फुगलेल्या आणि निस्तेज असतात.

जिवंत पेशी रंजकाला बाहेर ठेवते, म्हणून या पद्धतीला रंजक-वर्जन पद्धती असे म्हणतात. येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. रंजक पेशीला ‘तू जिवंत आहेस काय’ असे विचारीत नाही. ‘तुझे पटल या क्षणी अखंड आहे काय’ एवढेच विचारते. बहुतेक वेळा या दोन प्रश्नांची उत्तरे सारखी असतात, परंतु नेहमीच नव्हे. या पद्धतीच्या जवळजवळ सर्व मर्यादा या भेदातून निर्माण होतात.

३. कृती : एका कुपीचे उदाहरण

हीला ही पेशीमालिका १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून प्रस्थापित झाली. भारतातील महाविद्यालये व संशोधन संस्था अशा पेशीमालिका प्रामुख्याने पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळवितात. मिळालेल्या पेशी वाढवून त्यांचा साठा कुप्यांमध्ये भरून द्रवनायट्रोजनमध्ये ठेवला जातो.

अशी एक कुपी उदाहरणादाखल घेऊ. गोठवताना तिच्यात १ मिलिलिटर द्रवात ४० लाख जिवंत पेशी भरल्या होत्या आणि हिमस्फटिकांपासून संरक्षण म्हणून १० टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड घातले होते. पुढील सर्व आकडे गणना समजण्यासाठी योजलेले आहेत.

कुपी द्रवनायट्रोजनमधून काढून ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धरली जाते. आत बर्फाचा लहानसा कण उरला असतानाच ती बाहेर काढून तिच्यातील द्रव नळीत घेतात आणि त्यात कोमट संवर्धन-माध्यम थेंबाथेंबाने मिसळतात. माध्यम एकदम ओतल्यास परासरण दाबातील आकस्मिक बदलामुळे पेशी फुगून फुटण्याची शक्यता असते. एकूण द्रव १० मिलिलिटर झाल्यावर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी बलाने ५ मिनिटे फिरवितात. वरचा द्रव काढून घेतल्यावर तळाशी बसलेल्या पेशी २ मिलिलिटर द्रवात हलक्या हाताने पुन्हा मिसळल्या जातात. हा वरचा द्रव लगेच फेकून देऊ नये; त्याचे कारण पुढे येईल.

पेशी ज्या द्रवात मिसळायच्या तो रक्तद्रवविरहित असणे श्रेयस्कर आहे. रक्तद्रवातील प्रथिने ट्रिपॅन ब्लूला बांधून ठेवतात. परिणामी पार्श्वभूमी गडद होते आणि मृत पेशी पुरेशा निळ्या होत नाहीत. मोजणीपुरता नमुना फॉस्फेट-बफर क्षारद्रावणात घेतल्यास ही अडचण टळते.

यानंतर पेशींच्या निलंबनाचे ५० मायक्रोलिटर आणि ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लूचे ५० मायक्रोलिटर एका लहान नळीत एकत्र करतात. दोन्ही आकारमाने समान असल्याने निलंबन दुप्पट विरल होते, म्हणजेच विरलन-गुणक २ येतो. मिश्रण दोन ते तीन मिनिटे ठेवून त्यातील सुमारे १० मायक्रोलिटर हीमोसायटोमीटरच्या कडेशी सोडले जातात. केशाकर्षणाने द्रव आच्छादन-काचेखाली आपोआप पसरतो. कक्ष काठोकाठ भरावा, पण द्रव बाजूच्या खाचांत उतरू नये.

सुधारित नॉयबावर प्रकारच्या हीमोसायटोमीटरमध्ये चार कोपऱ्यांत चार मोठे चौकोन असतात. त्यांतील पेशी मोजल्या जातात. रेषेवर पडलेल्या पेशींबाबत एकच नियम सर्वत्र पाळावा : वरच्या व डाव्या रेषेला स्पर्श करणाऱ्या पेशी मोजाव्यात, खालच्या व उजव्या रेषेवरील सोडून द्याव्यात. अन्यथा शेजारच्या दोन चौकोनांत एकच पेशी दोनदा मोजली जाते. प्रत्येक चौकोनात रंगहीन आणि निळ्या पेशींची नोंद स्वतंत्रपणे करावी.

४. गणना

उपर्युक्त कुपीच्या मोजणीत पुढील संख्या मिळाल्या असे मानू.

| चौकोन | रंगहीन (जिवंत) पेशी | निळ्या (मृत) पेशी |
|---|---|---|
| पहिला | ५२ | ११ |
| दुसरा | ४७ | १४ |
| तिसरा | ५८ | १२ |
| चौथा | ५१ | १५ |
| एकूण | २०८ | ५२ |

एकूण मोजलेल्या पेशी २०८ + ५२ = २६० आहेत. जिवंत पेशींची टक्केवारी पुढील सूत्राने काढतात.

जिवंत पेशींची टक्केवारी = (जिवंत पेशी ÷ एकूण पेशी) × १००

= (२०८ ÷ २६०) × १०० = ८० टक्के

दुसरी गणना प्रति मिलिलिटर जिवंत पेशींची आहे. प्रत्येक मोठ्या चौकोनाची बाजू १ मिलिमीटर आणि कक्षाची खोली ०.१ मिलिमीटर असते. म्हणून एका चौकोनावरील द्रवाचे आकारमान ०.१ घन मिलिमीटर भरते. १ मिलिलिटर म्हणजे १,००० घन मिलिमीटर. त्यात असे १०,००० भाग येतात. सूत्रातील १०,००० हा गुणक येथून आला आहे.

प्रति मिलिलिटर जिवंत पेशी = (जिवंत पेशी ÷ चौकोनांची संख्या) × विरलन-गुणक × १०,०००

= (२०८ ÷ ४) × २ × १०,००० = १०,४०,०००

निलंबन २ मिलिलिटर असल्याने त्यात २०.८ लाख जिवंत पेशी आहेत. (नमुन्यासाठी काढलेले ५० मायक्रोलिटर सोयीसाठी वजा केलेले नाहीत.) याच रीतीने जिवंत व मृत मिळून एकूण पेशी २६ लाख येतात.

५. ८० टक्के की ५२ टक्के?

प्रयोगवहीत येथे बहुधा ‘जीवनक्षमता ८० टक्के’ एवढीच नोंद होते आणि कुपी समाधानकारक ठरते. परंतु वरील आकड्यांतच एक निराळी कथा दडलेली आहे. कुपीत ४० लाख जिवंत पेशी भरल्या होत्या. मोजणीत जिवंत व मृत मिळून २६ लाखच आढळल्या. उरलेल्या १४ लाख पेशी कोठे गेल्या?

त्यांतील काही गोठताना किंवा वितळताना पूर्णपणे फुटल्या असाव्यात. फुटून विरघळलेली पेशी निळी दिसत नाही, कारण रंग घेण्यासाठी तेथे पेशीच उरलेली नसते. ती मोजणीतून नाहीशी होते. अंशातूनही आणि छेदातूनही. काही पेशी धुताना वरच्या द्रवासोबत गेल्या असतील. म्हणूनच तो द्रव राखून ठेवावा आणि त्याचा एक थेंब तपासावा. त्यात अखंड पेशी दिसल्या तर दोष सेंट्रिफ्यूजच्या टप्प्यात आहे. पेशी नाहीत, पण चिकट तंतू आणि अवशेष दिसतात, असे असल्यास पेशी फुटल्याचा संशय बळावतो. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए असे चिकट तंतू निर्माण करतो.

या दृष्टीने पाहता गोठवलेल्या पेशींपैकी जिवंत परत मिळालेल्या पेशींचे प्रमाण असे येते :

जिवंत पेशींची प्राप्ती = (२०.८ लाख ÷ ४० लाख) × १०० = ५२ टक्के

८० आणि ५२ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिला आकडा ‘समोर असलेल्या पेशींपैकी किती जिवंत आहेत’ हे सांगतो. दुसरा ‘जेवढ्या पेशी होत्या त्यांपैकी किती जिवंत उरल्या’ हे सांगतो. गोठवण्याची पद्धत चांगली की वाईट, हे ठरवायचे असेल तर दुसऱ्या आकड्यावाचून निर्णय देता येत नाही.

वनस्पती-अर्कांच्या चाचणीत हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. सॅपोनिनयुक्त अर्क पेशीपटलावरच आघात करतात व पेशी फोडून टाकू शकतात. समजा, प्रारंभी प्रत्येक पात्रात ५ लाख जिवंत पेशी घातल्या. ठरावीक काळानंतर अर्क न घातलेल्या पात्रात ९.५ लाख जिवंत आणि ०.५ लाख मृत पेशी मिळाल्या, तर जीवनक्षमता ९५ टक्के येते. अर्क घातलेल्या पात्रात ४ लाख जिवंत व ०.५ लाख मृत पेशी मिळाल्या, तर ती सुमारे ८९ टक्के येते. केवळ टक्केवारी पाहणारा अभ्यासक अर्क जवळजवळ निरुपद्रवी असल्याचा निष्कर्ष काढील. प्रत्यक्षात अर्काच्या पात्रातील जिवंत पेशी दुसऱ्या पात्राच्या तुलनेत ४२ टक्केच आहेत. शिवाय ही संख्या प्रारंभीच्या ५ लाखांपेक्षाही कमी आहे. याचा अर्थ पेशींची वाढ मंदावली एवढेच घडलेले नसून काही पेशी नष्टही झाल्या आहेत. प्रारंभीची संख्या नोंदविलेली नसती, तर वाढ थांबणे आणि पेशी मरणे यांतील भेद या मोजणीतून करता आला नसता.

६. चोवीस तासांनंतरची मोजणी

वितळवल्यानंतर लगेच केलेली मोजणी त्या क्षणापुरती खरी असते. गोठण्याचा आघात झालेल्या काही पेशींचे पटल तेव्हा अखंड असते, परंतु आत मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेली असते. अशा पेशी पुढील काही तासांत, पुष्कळदा पहिल्या दिवसाच्या आत, मरतात. त्यामुळे गोठवलेल्या साठ्याची गुणवत्ता ठरविताना चोवीस तासांनंतरची मोजणी अधिक विश्वसनीय मानली जाते.

येथे आणखी एका चुकीला वाव आहे. हीला पेशी पात्राच्या तळाला चिकटून वाढतात. मेलेल्या पेशी सुटून माध्यमात तरंगू लागतात. नेहमीच्या सवयीने माध्यम ओतून दिले, पेशी ट्रिप्सिनने सोडविल्या आणि त्या मोजल्या, तर काय होते ते पाहू. आधीच्या २६ लाख पेशी पात्रात घातल्यावर दुसऱ्या दिवशी तळाला चिकटलेल्या पेशींत १३.३ लाख जिवंत आणि ०.७ लाख मृत आढळल्या असे मानू. जीवनक्षमता ९५ टक्के येते. एका दिवसात ती ८० वरून ९५ वर गेली, असा भास होतो. परंतु ओतून दिलेल्या माध्यमात ०.५ लाख जिवंत आणि ६.५ लाख मृत पेशी होत्या. त्या मिळविल्यावर जिवंत पेशी १३.८ लाख आणि एकूण पेशी २१ लाख होतात. खरी जीवनक्षमता सुमारे ६६ टक्के आहे. मृत पेशी आधीच टाकून दिल्या की उरलेल्या पेशी निरोगी दिसणारच. चिकटून वाढणाऱ्या पेशींची टक्केवारी काढताना तरंगत्या पेशी एकत्र केल्या होत्या की नाही, हे म्हणूनच अहवालात स्पष्टपणे नमूद करावे.

७. मोजणीतील चुका आणि त्यांची ओळख

टक्केवारी आणि प्रति मिलिलिटर संख्या या दोन मापनांना निरनिराळ्या चुका बाधक ठरतात. टक्केवारी हे गुणोत्तर आहे. पिपेटने थोडा कमी-अधिक द्रव घेतला, किंवा आच्छादन-काच नीट न बसल्याने कक्षाची खोली बदलली, तरी जिवंत व मृत दोन्ही पेशींची संख्या त्याच प्रमाणात बदलते आणि टक्केवारी कायम राहते. प्रति मिलिलिटर संख्या मात्र थेट चुकते. त्यासाठी हीमोसायटोमीटरसोबत मिळणारी जाड आच्छादन-काचच वापरावी. ती योग्य बसली असता आधाराच्या पट्ट्यांवर इंद्रधनुषी न्यूटन-कडी दिसतात; ही खूण पाहिल्याशिवाय कक्ष भरू नये.

टक्केवारीला घातक ठरते ती वर्गीकरणातील चूक, म्हणजे जिवंत पेशी मृत किंवा मृत पेशी जिवंत ठरविणे. काही पेशी फिकट निळसर दिसतात. वरील उदाहरणातील २०८ पेशींपैकी अशा १३ फिकट पेशी दुसऱ्या निरीक्षकाने मृत धरल्या, तर टक्केवारी १९५ ÷ २६० म्हणजे ७५ होते. तेरा पेशींबाबतच्या मतभेदाने पाच टक्क्यांचा फरक पडतो. फिकट पेशी कोणत्या गटात धरायच्या याचा नियम मोजणीपूर्वी ठरवावा. शक्य असल्यास नमुना कोणता आहे हे निरीक्षकाला कळू न देता मोजणी करून घ्यावी. जुन्या द्रावणात रंजकाचे सूक्ष्म गोळे तयार होतात आणि नवशिक्या निरीक्षकाला ते मृत पेशींसारखे भासतात. पेशी न मिसळलेले रंजक तेवढे कक्षात घालून पाहिल्यास हा दोष तात्काळ कळतो, द्रावण ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळल्यास तो दूर होतो.

वेळेचा परिणाम सर्वांत फसवा असतो. ट्रिपॅन ब्लू पेशींना विषारी आहे आणि जिवंत पेशीही कालांतराने त्याचा अंश आत घेतात. म्हणून रंजक मिसळल्यापासून साधारण पाच मिनिटांच्या आत मोजणी संपवावी, असा संकेत आहे. बारा नमुन्यांत एकाच वेळी रंजक मिसळले आणि प्रत्येकाला तीन मिनिटे लागली, तर शेवटच्या नमुन्याची मोजणी संपेपर्यंत ३६ मिनिटे उलटतात. नमुने अर्काच्या वाढत्या मात्रेच्या क्रमाने मोजले जात असतील, तर मात्रेबरोबर मृत पेशी वाढत असल्याचे खोटे चित्र उमटते. हे चित्र इतके सुबक असते की त्याविषयी शंकाही येत नाही. प्रत्येक नमुन्यात रंजक मोजणीच्या लगेच आधी मिसळावे, नमुन्यांचा क्रम बदलता ठेवावा आणि संशय आल्यास तोच कक्ष तीन मिनिटांनी व पुन्हा दहा मिनिटांनी मोजावा. दुसऱ्या वेळी निळ्या पेशी वाढलेल्या आढळल्या तर ती वाढ रंजकामुळे झालेली असते.

यांखेरीज मोजलेल्या पेशींच्या संख्येवर अवलंबून असणारी सांख्यिकीय अनिश्चितता असतेच. २६० पेशींवरून काढलेल्या ८० टक्क्यांची प्रमाण त्रुटी सुमारे २.५ टक्के येते. म्हणजे खरे मूल्य साधारणपणे ७५ ते ८५ च्या दरम्यान असावे. केवळ ५० पेशी मोजून ८० टक्के आले असते, तर ही मर्यादा सुमारे ६९ ते ९१ इतकी विस्तारली असती. अशा स्थितीत ‘८०.१७ टक्के’ असे दशांशापर्यंत लिहिणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव आणणे होय. किमान २०० पेशी मोजाव्यात, पूर्णांकात टक्केवारी द्यावी आणि मोजलेल्या पेशींची संख्या सोबत लिहावी.

८. पद्धतीच्या मर्यादा

पटल अखंड असूनही मृत्यूच्या मार्गावर असलेल्या पेशी ही या पद्धतीची मूलभूत मर्यादा होय. नियोजित पेशीमृत्यूच्या आरंभी पेशी आकुंचन पावते, पटलाच्या आतल्या बाजूचे फॉस्फेटिडिलसेरीन बाहेरच्या बाजूस येते, परंतु पटल फाटलेले नसते. ट्रिपॅन ब्लू अशा पेशीला जिवंत ठरविते. ती ओळखण्यासाठी अॅनेक्सिन-व्ही सारख्या चाचणीचा आश्रय घ्यावा लागतो. याउलट विद्युत-स्पंदांनी पेशीपटलात तात्पुरती छिद्रे पाडल्यानंतर लगेच रंजक घातल्यास, पुढे सावरू शकणारी पेशीही निळी दिसते. तेथे पटल पुन्हा सांधले जाण्यास वेळ देऊनच मोजणी करावी.

रंगहीन पेशी विभाजनक्षम आहे किंवा तिचा चयापचय सुरळीत आहे, असेही या चाचणीतून सिद्ध होत नाही. एमटीटी चाचणी चयापचयक्रिया मापते, तर वसाहत-निर्मितीची चाचणी विभाजनक्षमता पाहते. तिन्हींचे निष्कर्ष जुळले नाहीत तर त्यांपैकी एखादी चाचणी चुकली, असे मानण्याचे कारण नाही. त्या पेशीच्या निरनिराळ्या गुणांविषयी बोलत असतात.

हाताळणीविषयी एक सूचना आवश्यक आहे. ट्रिपॅन ब्लूमुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या गर्भात विकृती निर्माण होतात, तसेच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश संभाव्य कर्करोगकारकांत केला आहे. विद्यार्थ्यांना हातमोज्यांशिवाय ते हाताळू देऊ नये आणि उरलेले द्रावण नळाच्या मोरीत ओतू नये.

९. निष्कर्ष

ट्रिपॅन ब्लू रंजक-वर्जन पद्धतीत मिळणारी टक्केवारी ही मोजणीच्या क्षणी शिल्लक असलेल्या पेशींपैकी अखंड पटल असलेल्या पेशींचे प्रमाण दर्शविते. फुटून नाहीशा झालेल्या, माध्यमासोबत टाकून दिलेल्या आणि लवकरच मरणाऱ्या पेशी तिच्या कक्षेबाहेर राहतात. उदाहरणातील कुपीविषयी ८०, ५२, ९५ आणि ६६ असे चार आकडे मिळाले, ते या कारणाने. त्यांपैकी ९५ हा आकडा अपुऱ्या नमुन्यावर आधारलेला होता. उरलेले तिन्ही आपापल्या प्रश्नाचे यथार्थ उत्तर देतात. त्यामुळे प्रकल्प-अहवालात टक्केवारीसोबत जिवंत पेशींची एकूण संख्या, प्रारंभीची संख्या, मोजणीची वेळ, मोजलेल्या पेशी आणि तरंगत्या पेशींचा समावेश या पाच बाबींची नोंद असावी. ती नसेल तर मार्गदर्शकाने अहवाल स्वीकारण्यापूर्वी ‘टक्केवारीच्या छेदात कोणत्या पेशी आहेत’ हा प्रश्न विद्यार्थ्याला अवश्य विचारावा.